प्रत्येक पेशंटमागे पाच मिनिटं मोकळी ठेवूनही उशीर का होतो?

रिसेप्शनवाली

नमस्कार मंडळी. माझी वहिनी डॉक्टर आहे आणि तिच्या छोट्या क्लिनिकच्या वेळा मी सांभाळते. डॉक्टर एक, तपासायची खोली एक, बाहेर सहा खुर्च्या आणि मी. सकाळचं सत्र ९:३० ते १२:३०.

पूर्वी दहा-दहा मिनिटांच्या अपॉइंटमेंट द्यायचो आणि रोज बोंब व्हायची. म्हणून दोन महिन्यांपूर्वी मी प्रत्येकाला १५ मिनिटं द्यायला सुरुवात केली. दहा तपासणीची, पाच मोकळी, म्हणजे सत्रात बारा पेशंट. तरीही साडेअकरापर्यंत बाहेर चारजण घड्याळाकडे बघत बसलेले असतात.

मागच्या आठवड्यात एक दिवस मी प्रत्येकाला आत किती वेळ लागला ते लिहून काढलं. क्रमाने मिनिटं अशी:

९, १२, २७, १४, ८, १९, ११, २४, १३, ९, २१, १०

बेरीज १७७ येते आणि सत्र १८० मिनिटांचं आहे. मग हिशेबाने सगळं बसायला हवं ना? पाच मिनिटांची सात करू का? पण तसं केलं तर दोन पेशंट कमी घ्यावे लागतील आणि वहिनी ते मान्य करणार नाही.

---

निवांत_नाना

डॉक्टर किती वाजता येतात ते लिहायचं राहिलं का? :)

---

तिरकस_बाण

सात नाही, दहा करा. आमच्या ओळखीच्या एका डॉक्टरांकडे प्रत्येकाला अर्धा तास असतो, कधीच थांबावं लागत नाही.

---

भिरभिरं

@तिरकस_बाण, आणि अपॉइंटमेंट किती दिवसांनी मिळते?

---

तिरकस_बाण

तीन आठवडे. पण थांबावं लागत नाही!

---

भिरभिरं

तीन आठवडे घरी थांबलात की. खुर्ची तेवढी बदलली.

---

उंबरठा

ताई, हल्ली यासाठी तयार ॲप मिळतात. पेशंट स्वतःच वेळ घेतो, आदल्या दिवशी मेसेज जातो, वही ठेवायची गरजच नाही. तुम्ही कोणतं घ्यायचं विचारताय का? मी दोन-तीन वापरून बघितली आहेत, सांगू शकेन.

---

रिसेप्शनवाली

@उंबरठा, नाही हो, ॲप आहे. प्रश्न असा आहे की ॲपमध्ये कोणते आकडे भरायचे. १५ भरलं तर ते इमानदारीत १५-१५ चे तुकडे पाडून देतं.

@निवांत_नाना, त्या दिवशी वहिनी ९:३० ला हजर होती. एरवीचं विचारू नका.

---

काटकोन

तुमची बेरीज बरोबर आहे. पण ज्या पाच मिनिटांना तुम्ही मोकळी म्हणताय ती साठवता येत नाहीत, सगळी गोम तिथे आहे.

तुमचाच दिवस घेऊन बघू. सगळे पेशंट आपापल्या वेळेला हजर होते असं धरतो. पहिला ९:३० ला आत गेला आणि ९ मिनिटांत बाहेर आला. दुसरा ९:४५ चा आहे, त्यामुळे डॉक्टर सहा मिनिटं बसून राहिल्या. दुसऱ्याला १२ लागली, पुन्हा तीन मिनिटं रिकामी. ही नऊ मिनिटं गेली ती गेली. आता तिसरा आला आणि त्याने २७ घेतली. तो १०:२७ ला बाहेर पडला, पण चौथ्याची वेळ १०:१५ होती. सकाळी वाया गेलेली नऊ मिनिटं इथे उपयोगी पडली असती, पण ती परत आणणार कुठून? लवकर झालं तर फायदा पुढे जात नाही, उशीर झाला तर तो मात्र पुढच्याच्या डोक्यावर बसतो.

पुढचं पूर्ण मांडलं तर चौथ्यापासून शेवटपर्यंत प्रत्येकजण थोडाथोडा थांबतो: १२, ११, ४, ८, ४, १३, ११, ५, ११. एकूण ७९ मिनिटं. आणि सत्र १२:३६ ला संपतं.

हे तुम्हाला स्प्रेडशीटमध्ये स्वतः करून बघता येईल. A मध्ये दिलेली वेळ, B मध्ये लागलेला वेळ (९ मिनिटं म्हणजे 0:09 असा भरा), C मध्ये प्रत्यक्ष आत गेल्याची वेळ, D मध्ये बाहेर आल्याची. पहिला पेशंट दुसऱ्या ओळीत, तिथे C2 म्हणजे A2 च आणि D2 म्हणजे C2+B2. दुसऱ्यापासून:

```
C3:  =MAX(A3, D2)
D3:  =C3+B3
E3:  =C3-A3
```

E म्हणजे तो पेशंट किती थांबला. ओळी खाली ओढत न्या. त्या `MAX` मध्येच सगळं दुखणं आहे.

---

रिसेप्शनवाली

काटकोन, करून बघितलं, ७९ च आलं. धन्यवाद! आणि गंमत म्हणून वहिनीचा नेहमीचा उशीर घालून बघितला. ९:३० ऐवजी ९:४२ ला सुरुवात केली तर थांबण्याची बेरीज १२७ होते, पण सत्र १२:३९ ला संपतं. म्हणजे फक्त तीन मिनिटं उशिरा! हे बरोबर आहे का? मी काही चुकले?

---

काटकोन

काही चुकलं नाही. बारा मिनिटं उशीर झाला म्हणून सकाळची ती रिकामी नऊ मिनिटं वाया गेली नाहीत, कारण तोवर माणसं जमली होती. त्यामुळे शेवट तीनच मिनिटांनी सरकला. डॉक्टरांना घरी जायला तीन मिनिटं उशीर, बाहेरच्यांना मिळून ४८ मिनिटं जास्तीची. म्हणूनच उशिरा येणाऱ्या डॉक्टरांना मनापासून वाटत असतं की आपल्यामुळे काही बिघडत नाही.

---

निवांत_नाना

हा प्रतिसाद छापून क्लिनिकच्या दारावर लावा. आतल्या बाजूने.

---

दातवाला

मी दंतवैद्य आहे, माझा अनुभव सांगतो. प्रत्येक पेशंटनंतर मला दहा मिनिटं लागतातच. खुर्ची पुसायची, हत्यारं बदलायची, ट्रे लावायचा. ते दहा मिनिटांचं अंतर मी काढून टाकलं तर पुढचा पेशंट ओल्या खुर्चीवर बसेल. त्यामुळे “मोकळी मिनिटं वाया जातात” हे मला पटत नाही. प्रत्येकानंतर अंतर हवंच.

---

काटकोन

डॉक्टर, तुमचं म्हणणं खरं आहे, पण ते अंतर मोकळं नाहीच. ते काम आहे आणि ते दर वेळी होतं. ते पेशंटच्या वेळेतच धरायचं. मी बोलतोय ते “काही लांबलं तर असावं” म्हणून ठेवलेल्या वेळेबद्दल. दोन्हींना आपण बफर म्हणतो आणि तिथेच घोळ होतो.

एक विचारू का? खुर्ची पुसायला तुम्ही स्वतः लागता का?

---

दातवाला

नाही, मदतनीस करतो. मी तोवर बाहेर येऊन नोंदी लिहितो.

---

काटकोन

मग ती दहा मिनिटं खुर्चीची आहेत, तुमची नाहीत. दुसरी खुर्ची असेल तर तुम्ही त्या वेळात तिकडे जाऊ शकता.

---

दातवाला

दुसरी खुर्ची आहे हो... पण सॉफ्टवेअर दोन्ही खुर्च्यांवर एकदमच दहा मिनिटं बंद दाखवतं. आजवर मला वाटत होतं तसंच असतं.

---

सेमीकोलन

@दातवाला, हे फार दिसतं. अंतर डॉक्टरच्या नावावर टाकलेलं असतं, जे खोलीच्या किंवा खुर्चीच्या नावावर हवं. सेटिंगमध्ये खुर्च्यांना वेगळं “रिसोर्स” म्हणून धरता येतं का बघा.

मी असली बुकिंगची सॉफ्टवेअरं लिहितो, म्हणून दोन गोष्टी सांगतो. पहिली, “आधीचं अंतर” आणि “नंतरचं अंतर” असे दोन रकाने असतात. दोन्हीकडे पाच भरलं की दोन पेशंटमध्ये दहा मिनिटं पडतात आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. ताई, तुमच्याकडे एकदा तपासा. दुसरी, दोन अपॉइंटमेंट एकमेकींवर चढतात का हे तपासायची अट एवढीच आहे:

```
new_start < old_end AND old_start < new_end
```

इथे `<` च्या जागी `<=` लिहिलं की १०:०० ला संपणारी आणि १०:०० ला सुरू होणारी अपॉइंटमेंट भांडतात. मग कुणीतरी “जुगाड” म्हणून सगळ्या वेळा ९:५९ ला संपवतं. मी असं प्रत्यक्षात पाहिलंय.

---

भिरभिरं

आमच्याकडे उलटा त्रास होता. फोनवर एकीने आणि काउंटरवर दुसरीने एकाच वेळी तीच १०:२० ची वेळ दोघांना दिली. सॉफ्टवेअरने दोघांना “कन्फर्म” म्हणून मेसेज पाठवला. दोघेही आले, दोघांकडे मेसेज. मग कोण आत जाणार ते आवाजाच्या पट्टीवर ठरलं.

---

सेमीकोलन

दोन्हीकडून आधी “रिकामी आहे का” विचारलं, दोन्हीकडे “हो” आलं, मग दोघींनी लिहिलं. विचारणं आणि लिहिणं यांत फट राहिली की हे होणारच. ही जबाबदारी स्क्रीनवर टाकून चालत नाही, डेटाबेसनेच दुसरी नोंद नाकारली पाहिजे. PostgreSQL असेल तर टेबलमध्ये एवढं पुरतं:

```sql
EXCLUDE USING gist (
  doctor_id WITH =,
  tsrange(starts_at, ends_at) WITH &&
)
```

त्याआधी `btree_gist` हे एक्स्टेन्शन चालू करावं लागतं. रद्द झालेल्या अपॉइंटमेंट या अटीतून वगळायला विसरू नका, नाहीतर रद्द झालेली वेळ पुन्हा कुणाला देताच येत नाही.

---

निवांत_नाना

धागा क्लिनिकमधून सर्व्हर रूममध्ये गेला. ताई, तुम्ही आहात का अजून?

---

रिसेप्शनवाली

आहे आहे. माझ्याकडे दुसरी कुणी नाही त्यामुळे भांडण माझं माझ्याशीच होतं. पण “आधी” आणि “नंतर” तपासलं, माझ्याकडे फक्त नंतरचं होतं.

काटकोन, मग करायचं काय? पाच मिनिटं काढून टाकू?

---

जुनी_वही

मी निवृत्त आहे. एका मोठ्या बाह्यरुग्ण विभागात वर्षानुवर्षं नोंदणी सांभाळली. आमच्याकडे नियम होता, सुरुवातीच्या वेळेला दोन पेशंट बोलवायचे आणि मग एकेक. म्हणजे पहिला आला नाही तरी डॉक्टर रिकामे बसत नाहीत. हे काही आमच्या डोक्यातलं नव्हतं. बेली आणि वेल्च या दोघांनी १९५२ सालीच हे मांडलं होतं, ब्रिटनमधल्या दवाखान्यांसाठी. ताईंनी ९:३० ला दोघांना बोलवावं, प्रश्न मिटला.

---

काटकोन

काका, ते नाव निघालं म्हणून बरं वाटलं. पण तो उपाय डॉक्टर रिकामे बसू नयेत यासाठी आहे. पहिला पेशंट उशिरा येतो किंवा येतच नाही, तिथे तो फार उपयोगी. ताईंचं रडगाणं बाहेर बसलेल्यांचं आहे. पहिले दोघं वेळेवर येत असतील तर दुसरा पेशंट नक्की दहा-बारा मिनिटं थांबणार, आणि ते आपण आपल्या हाताने ठरवून केलेलं असेल.

ताई, आधी मला एक सांगा. त्या बारांपैकी नवीन पेशंट कोणते होते?

---

रिसेप्शनवाली

थांबा, बघते. तिसरा, सहावा, आठवा, अकरावा. बाकी सगळे फॉलोअप.

अरे! म्हणजे २७, १९, २४, २१. सगळे मोठे आकडे नवीन पेशंटचेच आहेत.

---

काटकोन

तेच विचारायचं होतं. नवीन चौघांची सरासरी २३ च्या आसपास, फॉलोअप आठजणांची ११ च्या आसपास. तुम्ही दोघांनाही १५ देताय, म्हणजे फॉलोअपला गरजेपेक्षा जास्त आणि नवीनला कमी. फॉलोअपमधली उरलेली मिनिटं साठत नाहीत हे वर आलंच.

आता असं करा. फॉलोअपला १०, नवीनला २०. मधे पाच-पाच काही नाही. आठ फॉलोअपचे ८०, चार नवीनचे ८०, झाले १६०. सत्रातली २० मिनिटं उरली. ती दोन मोठ्या तुकड्यांत ठेवा, दहा-दहाची. त्या वेळेत कुणालाही अपॉइंटमेंट नाही. उशीर साठला असेल तर तो तिथे जिरतो. साठला नसेल तर डॉक्टर नोंदी पूर्ण करतात.

तुमच्याच दिवसावर, तोच क्रम ठेवून, पाचव्या आणि नवव्या पेशंटनंतर अशी जागा सोडली तर थांबण्याची बेरीज ७९ वरून ३२ वर येते आणि सत्र १२:३१ ला संपतं. पेशंट तेवढेच, डॉक्टरांचं कामही तेवढंच.

---

तिरकस_बाण

ही लबाडी झाली. दिवस संपल्यावर कोणाला किती लागलं हे माहीत असताना अंतर कुठे ठेवायचं हे मी पण सांगेन. उद्याचा दिवस आधी सांगा की.

---

काटकोन

@तिरकस_बाण, हरकत एकदम रास्त आहे. मग आकडे न बघता नियम ठरवू: दर चार पेशंटनंतर दहा मिनिटं. म्हणजे चौथ्यानंतर १०:२० ते १०:३० आणि आठव्यानंतर ११:३० ते ११:४०. हे मांडून बघितलं तर थांबण्याची बेरीज २४ येते, म्हणजे माझ्या “लबाडी”पेक्षाही कमी. शेवट मात्र १२:३३ ला होतो, कारण दुसऱ्या जागेत पाच मिनिटं खरोखर रिकामी गेली.

आणि तीच वीस मिनिटं सगळी शेवटी ठेवली तर? म्हणजे पेशंट सलग, १२:१० पर्यंत, आणि मग राखीव वेळ. बरेच डॉक्टर हेच करतात, “शेवटी बघू काय उरतं ते” म्हणून. सत्र १२:२८ ला संपतं, सगळ्यांत लवकर. पण थांबण्याची बेरीज १२४. शेवटचे चौघं प्रत्येकी १५ ते १८ मिनिटं बसतात.

म्हणजे मोकळा वेळ तेवढाच, वीस मिनिटं. फक्त जागा बदलली की बाहेरच्यांचे १०० मिनिटं इकडचे तिकडे होतात आणि डॉक्टरांचे पाच. हा एकाच दिवसाचा हिशेब आहे हे मान्य. ताईंनी अजून आठ-दहा दिवस मोजावं आणि याच तक्त्यात टाकून बघावं. कुठल्या दिवशी उलटं पण येईल.

---

तिरकस_बाण

ठीक आहे, २४ बघून गप्प बसतो. पण सगळे पेशंट वेळेवर आले हे गृहीतक कुठल्या ग्रहावरचं?

---

काटकोन

लवकर येणाऱ्यांनी बिघडत नाही. उशिरा येणाऱ्यासाठी खोली रिकामी ठेवायची नाही, हजर असलेल्यांपैकी ज्याची वेळ आधीची तो आत. उशिरा आलेला मग पुढच्या मोकळ्या जागेत. मुळीच न येणाऱ्यांचं काय करायचं हा मात्र वेगळा विषय आहे आणि त्यावर माझंच नीट मत नाही.

---

जुनी_वही

मोजताना एक काळजी घ्या. पेशंट दारातून बाहेर पडला म्हणजे डॉक्टर मोकळे झाले असं नाही. केसपेपर लिहायचा राहिलेला असतो. मी तीन वेळा लिहून ठेवायचो: पेशंट आला कधी, आत गेला कधी, आणि डॉक्टरांनी घंटा वाजवली कधी. दुसऱ्या आणि तिसऱ्यातलं अंतर हा खरा वेळ. नुसतं दार बघून मोजलंत तर दर पेशंटमागे दोन-तीन मिनिटं हरवतील.

---

रिसेप्शनवाली

काका, हे मी चुकले होते! दार बघूनच मोजलं. उद्यापासून घंटा.

एक अडचण मात्र आत्ताच दिसते. ॲपवर पेशंट स्वतः वेळ निवडतात. १० आणि २० अशी दोन मापं ठेवली की फॉलोअपवाले मधेमधे बसतील. समजा कुणी ९:४० घेतलं, कुणी १०:००, कुणी १०:२०. मधे मधे दहा-दहा मिनिटांच्या तीन फटी राहिल्या, तीस मिनिटं रिकामी, पण नवीन पेशंटला एकही जागा नाही. मग मी फोनवर “आज जागा नाही” सांगणार आणि वहिनी आत रिकामी.

---

सेमीकोलन

हा खरा डोकेदुखीचा भाग आहे. मी केलेला उपाय सांगतो. पेशंटला सगळ्या रिकाम्या वेळा दाखवायच्याच नाहीत. जी वेळ आधीच्या अपॉइंटमेंटला, सत्राच्या सुरुवातीला किंवा राखीव जागेला चिकटून आहे तीच दाखवायची. रिकाम्या दिवशी पहिल्याला ९:३० दिसेल, ९:४० दिसणार नाही. तो गेला की दुसऱ्याला ९:४०. फटीच पडत नाहीत.

तोटा असा की पेशंटला निवड कमी मिळते. काहीजण “मला ११ च हवेत” म्हणून फोन करतात. म्हणून सत्राचे राखीव जागांमुळे पडलेले तीन भाग वेगळे धरले आणि प्रत्येक भागात एकेक वेळ दाखवली. तक्रारी बऱ्याच कमी झाल्या, पूर्ण थांबल्या नाहीत.

---

भिरभिरं

आम्ही सोपं केलं होतं. दिवसातल्या चार जागा “नवीन” म्हणून अडवून ठेवायच्या. आदल्या संध्याकाळपर्यंत भरल्या नाहीत तर प्रत्येकीच्या दोन फॉलोअप करून सोडून द्यायच्या. रिसेप्शनला कळतं, पेशंटला कळतं, ॲपला डोकं लागत नाही.

---

सेमीकोलन

तुमचा उपाय छोट्या क्लिनिकला जास्त बरा आहे, मान्य. फक्त नवीन पेशंट बहुतेक त्याच सकाळी फोन करत असतील तर आदल्या संध्याकाळी सोडू नका.

---

रिसेप्शनवाली

आमच्याकडे अर्धे त्याच सकाळी येतात. दोन जागा संध्याकाळी सोडते, दोन सकाळी दहापर्यंत ठेवून बघते. बघू.

---

उंबरठा

माझ्या सासूबाईंना दर महिन्याला दाखवायला नेतो. त्या फॉलोअपच आहेत, पण आत गेल्या की गुडघा, झोप, डोळे, भाची, सगळं निघतं. पंचवीस मिनिटं नक्की. त्यांना १० मिनिटांत बसवलंत तर मागचे सगळे मला शिव्या घालतील.

---

काटकोन

@उंबरठा, हा महत्त्वाचा मुद्दा काढलात. “नवीन” आणि “फॉलोअप” ही नावं सोयीची आहेत, पण वेळ नावावर ठरत नाही. ज्यांना दर वेळी वीस लागतात त्यांच्या नावापुढे वीस लिहून ठेवा. आणि ज्यांचा अंदाजच येत नाही अशांना शक्य तर राखीव जागेच्या लगेच आधी ठेवा. त्यांचा सांडलेला वेळ तिथेच जिरेल, बाकीच्यांवर जाणार नाही.

---

निवांत_नाना

उंबरठा, सासूबाईंच्या नावापुढे “राखीव जागेच्या आधी” असं लिहिलेलं त्यांना दिसू देऊ नका.

---

रिसेप्शनवाली

तीन आठवड्यांनी परत आले आहे. कुणी वाचत असेल तर कळवते.

१०/२० केलं, दर चार पेशंटनंतर दहा मिनिटं ठेवली. घंटेने मोजलं तर फॉलोअपला ११ नाही, १३ लागतात. केसपेपर! त्यामुळे बारावरून अकरा पेशंटवर आलो, एक फॉलोअप कमी केला. वहिनी दोन दिवस रुसली, मग तिला १२७ चा तक्ता दाखवला. आता साधारण ९:३५ ला येते.

थांबणं बरंच कमी झालंय. बारा दिवसांच्या नोंदी आहेत, त्यांतले नऊ दिवस शेवटचा पेशंट दहा मिनिटांपेक्षा कमी थांबून आत गेला. तीन दिवस सगळं कोसळलं. त्यातले दोन दिवस माझ्यामुळे. राखीव जागा रिकामी दिसली की कुणीतरी म्हणतं “फक्त दोन मिनिटं, रिपोर्ट दाखवायचेत”, आणि मी सोडते. तिसऱ्या दिवशी वहिनीनेच मैत्रिणीला तिथे बसवलं.

आता मी ॲपमध्ये त्या जागेला “मोकळी” ऐवजी “डॉक्टर नोंदी” असं नाव दिलंय. मोकळी म्हटलं की सगळ्यांना ती आपलीच वाटते.

पण रिपोर्टवाल्यांचं करायचं काय? त्यांना खरोखर तीन मिनिटं लागतात. दहा मिनिटांची अपॉइंटमेंट द्यायला जीव होत नाही.

---

जुनी_वही

सत्राच्या अगदी शेवटी, १२:३० ला, सगळे रिपोर्टवाले एकत्र. एकेकाला वेळ द्यायचीच नाही.

---

भिरभिरं

काका, मग ते बारापासूनच येऊन बसतात आणि “मला फक्त दाखवायचंय” म्हणून दारात उभे राहतात. मी दहा मिनिटांच्या एका अपॉइंटमेंटमध्ये तिघांना घेतलं असतं, १०:२० च्या राखीव जागेच्या आधी.

---

काटकोन

तिघांना एका जागेत घेतलं आणि एकाच्या रिपोर्टमध्ये काही गंभीर निघालं तर? मग ती तीन मिनिटं नसतात. मी ते शेवटी ठेवीन, पण १२:३० नाही, शेवटच्या पेशंटच्या आधी दहा मिनिटं.

---

जुनी_वही

म्हणजे शेवटच्या पेशंटला बळी द्यायचं? मला पटलं नाही.

---

रिसेप्शनवाली

एक आठवडा काकांचं, एक आठवडा भिरभिरंचं करून बघते. तीन वेळा लिहीनच. काटकोन, तुमचा शेवटच्या पेशंटच्या आधीचा प्रयोग नको, तो शेवटचा पेशंट बहुतेक वेळा माझी आई असते.